अंगावर पिणाऱ्या बाळाची हिरवी, चिकट शी : कधी थांबायचं, कधी डॉक्टर गाठायचे

अबोली
बाळ सात आठवड्यांचं आहे, मुलगा, फक्त अंगावर पितो. जन्मतः वजन २.९ किलो होतं, सहाव्या आठवड्यात ४.३ भरलं. आधी शी मोहरीच्या रंगाची, दाणेदार असायची. गेले चार दिवस हिरवी होतेय, त्यात शेंबडासारखा चिकटा असतो, आणि दिवसातून सहा-सात वेळा होते. आज दुपारी त्या चिकट्यात नखाएवढा लाल धागा दिसला. ताप नाही, उलटी नाही, पिणं नेहमीसारखंच. आम्ही आपल्याआपणच लॅबमध्ये शी तपासायला दिली होती. रिपोर्टमध्ये म्युकस पॉझिटिव्ह, पस सेल्स ६–८, रिड्यूसिंग शुगर पॉझिटिव्ह, पीएच ५.५ असं आलंय. घरात म्हणतात की दूध पचत नाहीये, अंगावरचं बंद करून लॅक्टोज नसलेली पावडर सुरू करा. डॉक्टरांची वेळ परवाची मिळालीय. थांबू की आजच जाऊ?

पाटीपेन्सिल
हिरवी शी म्हणजे पुढचं-मागचं दूध, दुसरं काही नाही. सुरुवातीचं पातळ, साखरेचं दूध पोटभर जातं आणि मागचं सायीचं मिळतच नाही. एका वेळी एकच बाजू द्या, तीही पूर्ण रिकामी होईपर्यंत. सहा-सहा तास एकच बाजू धरली तरी चालेल. तीन-चार दिवसांत शी पिवळी होते. पावडर मुळीच नको, हे मात्र नक्की.

रानजाई
पावडर नको याला माझाही दुजोरा. (मी स्तनपान सल्लागार आहे.) पण बाकीचं जरा थांबून बघू या.

पित्त मुळात हिरवंच असतं. आतड्यातून सावकाश खाली येताना ते पिवळं-तपकिरी होत जातं. आतडं घाईत असेल तर तेवढा वेळच मिळत नाही आणि शी हिरवी बाहेर पडते. म्हणजे हिरव्या रंगावरून फक्त एवढंच कळतं की माल लवकर उतरला. का उतरला, ते रंग सांगत नाही. पान्हा फार जोरात असेल तर बाळ घटाघटा पितं, साखर जास्त जाते, शी हिरवी आणि फेसाळ होते, सुटताना फुर्रकन आवाज येतो. पाटीपेन्सिल म्हणतात ते हेच आणि ते खरं आहे. पण अशी बाळं पिताना ठसकतात, स्तन सोडून देतात, आणि वजन भराभर वाढतं. सर्दीतही हिरवी होते, लसीनंतर काही दिवस होते, लोहाचे थेंब चालू असतील तर काळपट हिरवी होते. तक्रार नसलेल्या, वाढणाऱ्या बाळाच्या नुसत्या हिरव्या शीसाठी काहीच करायचं नसतं.

शिवाय सहा तास एकच बाजू देणं हा दूध कमी करण्याचा उपाय आहे. ज्यांना दूध खरोखरच जास्त येतं त्यांनाही तो काही दिवसच आणि कुणाच्या तरी देखरेखीखाली करायला सांगतात. सगळ्यांनी करून बघायची ही युक्ती नव्हे. वजन वाढत असताना दूध कमी झालं तर आज नसलेली अडचण ओढवून घ्याल.

आणि पुढच्या-मागच्या दुधाने लाल धागा येत नाही. इथे प्रश्न त्या धाग्याचा आहे. अबोली, चार गोष्टी सांगा. रक्त चिकट्यात मिसळलेलं होतं की शीच्या वरून लागलेलं? तुमच्या स्तनाग्राला चिरा, खपली, रक्त आहे का? बाळाला किंवा तुम्हाला सध्या कुठलं औषध चालू आहे? आणि चिकटा डायपरमध्ये दिसला की कापडावर?

कडकचहा
आमच्याकडे उलट आहे. अडीच महिन्यांची मुलगी, सहा दिवस झाले शीच नाही. साबणाची वडी लावायला सांगतायत. करू का?

रानजाई
कडकचहा, साबण नको, आतली त्वचा भाजल्यासारखी होते. दीड महिन्यानंतर फक्त अंगावर पिणारी बाळं आठवडाभरसुद्धा शी करत नाहीत. वजन वाढतंय, पोट मऊ आहे, वारा सरतोय आणि जेव्हा होते तेव्हा शी मऊ असते, तर ते बद्धकोष्ठ नाही. पोट फुगून टणक झालं, उलट्या होऊ लागल्या किंवा पिणं कमी झालं तर लगेच दाखवा. जन्मानंतर पहिली काळी शी व्हायला दोन दिवसांपेक्षा जास्त लागले होते का, तेवढं आठवून डॉक्टरांना सांगा. तसं असेल तर आतड्याच्या शेवटच्या भागातल्या नसांचा जन्मजात दोष आहे का ते तपासावं लागतं. बाकी हा विषय वेगळा आहे, नवा धागा काढलात तर बरं.

वॉर्डसिस्टर
अबोली, रानजाईंच्या चार प्रश्नांच्या आधी माझा एक. जन्मल्यावर मांडीत व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं होतं का? डिस्चार्ज कागदावर लिहिलेलं असतं, १ मिग्रॅ. 

हे यासाठी विचारतेय की आईच्या दुधात हे जीवनसत्त्व फार कमी असतं. इंजेक्शन न मिळालेल्या बाळांना उशिराचा रक्तस्राव होतो तो साधारण याच वयात, तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात. तो शीतून दिसू शकतो, पण खरी भीती मेंदूत होण्याची असते. इंजेक्शन दिलं नसेल किंवा दिल्याची नोंदच सापडत नसेल, तर परवाची वेळ विसरा, आजच रात्री जा. तसंच अंगावर निळे डाग, नाकातून किंवा बेंबीतून रक्त, लस टोचलेल्या जागेतून रक्त न थांबणं, यातलं काहीही असेल तरी आजच.

दिलं असेल, बाळ हसतंय, पितंय, शू नेहमीसारखी होतेय, तर एका धाग्यासाठी रात्री धावायची गरज नाही. मात्र रक्त आलं म्हणजे डॉक्टरांनी बाळ बघायचंच, फोनवर नाही. २४ तासांत दाखवलेलं बरं, म्हणजे परवाची वेळ उद्यावर आणता आली तर आणा.

दरम्यान एवढं लक्षात ठेवा : काखेतला ताप ३८ अंशांवर, म्हणजे १००.४ फॅरनहाइट गेला तर तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला थेट हॉस्पिटलमध्ये न्यायचं, शीचा रंग कसाही असो. घरी तापाचं औषध देऊन वाट बघायची नाही. हिरवी उलटी झाली तरी तेच. हिरवी शी चालते, हिरवी उलटी चालत नाही, आतड्याला पीळ पडल्याची ती खूण असू शकते आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

स्लाइडवाला
मी लॅबमध्ये काम करतो, रिपोर्टबद्दल तेवढं बोलतो.

अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीत रिड्यूसिंग शुगर पॉझिटिव्ह येणं हे नेहमीचंच. दुधातली साखर सगळीच्या सगळी शोषली जात नाही, थोडी मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जंतू ती आंबवतात, आम्ल तयार होतं. म्हणून पीएचही ५ ते ६ च्या आसपास येतो. मोठ्या माणसाच्या शीत हेच आकडे आले असते तर आम्ही भुवया उंचावल्या असत्या. रिपोर्टच्या कागदावर छापलेली ‘नॉर्मल’ची चौकट मोठ्यांची असते आणि बाळाचा नमुनाही त्याच चौकटीत जातो, घोळ तिथे होतो. या दोन ओळींवरून ‘दूध पचत नाही’ म्हणणं चूक आहे. जन्मतः लॅक्टोज न पचणं अतिशय दुर्मिळ असतं आणि त्या बाळाचं वजन असं १.४ किलो वाढतच नाही.

पस सेल्स ६–८ हे म्युकस असलं की दिसतातच. त्यावरून जंतुसंसर्ग ठरत नाही आणि अँटिबायोटिकही सुरू करायचं नसतं. संसर्गाची शंका डॉक्टरांना आली तर ते कल्चर सांगतील.

आता नमुन्याबद्दल. डायपरमधून खरवडून आणलेली शी आम्हाला नको असते. डायपर पाणी शोषून घेतो, साखरही त्याबरोबर जाते, उरतो तो घट्ट भाग. डायपर उलटा बांधा, प्लॅस्टिकची बाजू आत, किंवा आत स्वच्छ प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा. चमचाभर शी बाटलीत घ्या आणि तासाभरात पोचवा.

अबोली
कागद शोधला. व्हिटॅमिन के दिलंय, तारीख-वेळ आहे. हुश्श.

उत्तरं : रक्त चिकट्यात मिसळलेलंच होतं, बाहेरून लागलेलं नव्हतं. स्तनाग्रं ठीक आहेत, चिरा नाहीत. बाळाला फक्त ड जीवनसत्त्वाचे थेंब, मला कॅल्शियम-लोह. आणि डायपरमध्येच दिसलं. का, डायपरने काय होतं?

रानजाई
डायपरच्या आतले शोषणारे दाणे ओले होऊन फुगतात, आणि डायपर भरगच्च झाला किंवा अस्तर फाटलं की बाहेर येतात. पारदर्शक, गुळगुळीत, चमकणारे. कित्येक आया तेच आव म्हणून घेऊन येतात. ओळखायची खूण अशी : दोन बोटांच्या चिमटीत धरलं तर जेलीचे सुटे-सुटे गोळे होतात, तार निघत नाही. चिकट्याची तार निघते, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी. खात्री करायची तर एक-दोन वेळा साध्या सुती लंगोटावर शी होऊ द्या.

पहिल्या आठवड्यात आणखी एक फसवणूक होते. शूमध्ये नारिंगी-विटकरी डाग पडतो, तो लघवीतल्या क्षारांचा, रक्त नव्हे. दूध वाढलं की जातो. पाचव्या दिवसानंतरही दिसत राहिला तर दूध कमी पडतंय का ते बघायचं. तुमचं बाळ त्यापलीकडे गेलंय, पण वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. तुमचं लोह मात्र बाळाच्या शीत उतरत नाही, त्याची चिंता सोडा.

स्तनाग्राला चीर असती तर गिळलेलं तुमचंच रक्त आधी विचारात घेतलं असतं. चीर नाही, रक्त चिकट्यात मिसळलेलं, बाळ ठणठणीत, वय दोन ते आठ आठवड्यांमधलं. हे सगळं मिळून बहुतेक वेळा एकाच दिशेला जातं : मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला आलेली अ‍ॅलर्जीची सूज, जास्त करून आईच्या आहारातल्या गायीच्या दुधाच्या प्रथिनामुळे. तुमच्या दुधामुळे नाही. तुम्ही प्यायलेल्या दुधातलं थोडं प्रथिन तुमच्या दुधात उतरतं, त्याने. पण हा निष्कर्ष डॉक्टरांनी बाळ बघून काढायचा. आधी गुदद्वारापाशी चीर नाही ना ते बघावं लागतं, पोट हाताने चाचपावं लागतं.

पाटीपेन्सिल
मग डॉक्टरांची वाट कशाला बघायची? आजपासूनच दूध, गहू, अंडी, शेंगदाणे, सोया सगळं बंद करा. एकदम सगळं बंद केलं की दोन दिवसांत उत्तर मिळतं.

वॉर्डसिस्टर
नाही मिळत. सगळं एकदम सोडलं आणि शी सुधारली, तर नक्की कशामुळे सुधारली ते कधीच कळत नाही. आई महिनाभर अर्धपोटी राहते, शेवटी कंटाळून अंगावरचं तोडते. फक्त दूध आणि दुधाचे पदार्थ सोडायचे, बाकी चालू. त्यातही आधी डॉक्टरांनी बघायचं.

सायली_मु
मी वाचतच होते. आमची मुलगी पाच आठवड्यांची, ती पण अंगावरच. तिची शी हिरवी-बिरवी नाही, चिकटही नाही, उलट फिकट असते, साय किंवा ओल्या चुन्यासारखी म्हणा. म्हणजे हे चांगलंच ना? डोळे अजून थोडे पिवळे आहेत, पण ती आईच्या दुधाची कावीळ आहे, आपोआप जाईल असं सांगितलंय. वजन वाढतंय, खेळते छान.

वॉर्डसिस्टर
सायली, या धाग्यावरची सगळ्यात तातडीची पोस्ट तुमची आहे. आधी हे सांगा : शूचा डाग लंगोटावर पिवळा धरतो का?

सायली_मु
हो, पिवळा राहतो. पाणी कमी पितेय म्हणून असेल असं वाटलं.

वॉर्डसिस्टर
उद्या सकाळी बालरोगतज्ज्ञांकडे जा. भेटीची वेळ नाही मिळाली तर हॉस्पिटलच्या बालविभागात जा. कारण सविस्तर सांगते, म्हणजे कुणी ‘थांबू या’ म्हटलं तरी तुम्ही थांबणार नाही.

शीला पिवळा, हिरवा, तपकिरी जो रंग येतो तो पित्तामुळे. शी फिकट म्हणजे पित्त आतड्यात पोचत नाहीये. ते यकृतात तुंबतं, मग रक्तात जातं आणि लघवीतून बाहेर पडतं. म्हणून शी फिकट आणि शू गडद अशी जोडी दिसते. या वयाच्या बाळाची शू जवळजवळ बिनरंगी असायला हवी, लंगोटावर डाग राहायला नको. आईच्या दुधाच्या काविळीत हे होत नाही. तिथे शी पिवळी असते आणि शू पाण्यासारखी.

तुम्हाला सांगितलं गेलं ते वजन आणि खेळणं बघून सांगितलं असेल. गोम तिथेच आहे. पित्तनलिका बंद होत जाण्याचा जो आजार आहे, बिलिअरी अट्रेसिया, त्यात बाळ पहिले काही आठवडे अगदी छान दिसतं, वजनही वाढतं. पहिल्या दिवसांत शी पिवळीही असू शकते, मग हळूहळू फिकट होत जाते. यावर कसाई नावाची शस्त्रक्रिया आहे, आतड्याचा तुकडा थेट यकृताला जोडतात. ती ६० दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता चांगली असते, आणि जितकी लवकर तितकी चांगली. त्यानंतर उतरत जाते. तुमची मुलगी ३५ दिवसांची आहे. तपासण्यांनाच आठ-दहा दिवस जातात, म्हणून घाई.

डॉक्टरांकडे एकच वाक्य बोला : ‘कावीळ दोन आठवड्यांपेक्षा जास्त आहे आणि शी पांढरट आहे, डायरेक्ट बिलिरुबिन करून द्या.’ नुसतं टोटल बिलिरुबिन करू नका, त्यातून हे समजत नाही. डायरेक्ट १ मिग्रॅपेक्षा जास्त आलं तर पुढचा तपास त्याच आठवड्यात व्हायला हवा. पोटाची सोनोग्राफी दूध पाजण्याआधी, उपाशीपोटी करतात, कारण पित्ताशय भरलेलं आहे का ते बघायचं असतं. किती तास उपाशी ठेवायचं ते तेच सांगतील. उन्हात ठेवण्याने ही कावीळ जात नाही. आणि कुठलंही निदान होवो, अंगावर पाजणं चालू ठेवा.

फिकट शीचं कारण दुसरंही असू शकतं, सगळ्यांना हाच आजार असतो असं नाही. पण तो नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहे असं धरूनच चालायचं.

स्लाइडवाला
फोटोची एक गोष्ट. शीचा फोटो दाखवायचा तर खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून काढा, आणि शेजारी पांढरा कागद ठेवा. पिवळ्या बल्बखाली पांढरट शी पिवळी दिसते, ट्यूबलाइटखाली पिवळी शी फिकट दिसते. मोबाइल आपणहून रंग ‘सुधारतो’ तेही आहेच. म्हणूनच तैवानमध्ये २००४ पासून बाळाच्या आरोग्यपुस्तिकेत शीच्या रंगांचं छापील कार्ड देतात, आई कार्ड शेजारी धरून बघते. शंका असली तर फोटोवर विसंबू नका, भरलेला लंगोटच पिशवीत घालून न्या. डॉक्टर वैतागत नाहीत, खरंच.

सायली_मु
नेते. सकाळीच.

अबोली
सायली, कळव. 

आमचं : काल दाखवून आले. बाळाला बाहेरून चीर नाही, पोट मऊ, वजन ४.६. डॉक्टरांनीही दुधाच्या अ‍ॅलर्जीचाच अंदाज सांगितला. काल संध्याकाळी परत दोन वेळा धागे आले, पण बाळ मजेत आहे. अंगावरचं बंद करू नका असं स्पष्ट सांगितलं. मी दूध-दही सोडायचं, दोन आठवड्यांनी परत दाखवायचं. पण ‘दूध सोडा’ म्हणजे नेमकं काय काय, ते विचारायचं राहूनच गेलं.

रानजाई
दूध, दही, ताक, पनीर, चीज, लोणी, मावा, आइस्क्रीम हे तर उघडच आहे. तूप कढवलेलं असलं तरी प्रथिनाचा अंश राहतो, म्हणून चाचणीच्या दिवसांत तेही बाजूला ठेवा. उकळल्याने प्रथिन नाहीसं होत नाही. म्हशीचं किंवा शेळीचं दूध हा पर्याय नाही, प्रथिनं इतकी सारखी असतात की बहुतेक बाळं त्यालाही तशीच प्रतिक्रिया देतात. लॅक्टोज-फ्री दूधही नाही, त्यात साखर काढलेली असते, प्रथिन तसंच असतं. लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथेच. मग पाकिटावरचं बघा : दुधाची भुकटी, व्हे, केसिन, मिल्क सॉलिड्स. बिस्किटं, ब्रेड, सुपाची पाकिटं, प्रोटीन पावडर यांत सापडतं. काही गोळ्यांत लॅक्टोज असतं, त्याने सहसा बिघडत नाही, डॉक्टरांनी दिलेली गोळी आपणहून थांबवू नका.

दूध सोडलं की तुमचं कॅल्शियम घटतं. स्तनपान करणाऱ्या आईला दिवसाला सुमारे १००० मिग्रॅ लागतं. गोळी चालू आहेच, ती पुरेशी आहे का ते विचारून घ्या.

आता काय दिसेल ते. डोळ्यांना दिसणारं रक्त बहुतेकांचं तीन-चार दिवसांत कमी होतं, काहींना दोन आठवडे लागतात. चिकटा त्याहून उशिरा जातो आणि हिरवा रंग सगळ्यात शेवटी, म्हणून रंगावर हिशेब ठेवू नका, रक्तावर ठेवा. तुमच्या दुधातून ते प्रथिन फार लवकर निघून जातं. वेळ लागतो तो बाळाच्या आतड्याची सूज उतरायला. एका वहीत रोज तीन गोष्टी लिहा : रक्त दिसलं का, किती वेळा, आणि चुकून काही खाण्यात आलं का. एवढं पुरे.

आणि जो भाग सगळे गाळतात तो : सुधारलं तर दोन ते चार आठवड्यांनी डॉक्टरांना विचारून दूध परत सुरू करून बघायचं. बऱ्याच बाळांचं रक्त आपोआपच थांबणार असतं, श्रेय मात्र आहाराला मिळतं. परत घेतल्यावर काही दिवसांत रक्त आलं, तर निदान पक्कं. नाही आलं, तर तुम्ही उगाच वर्षभर दुधाशिवाय राहिला नाहीत. अ‍ॅलर्जी पक्की झाली तरी बहुतेक मुलं वर्षाच्या आसपास त्यातून बाहेर येतात.

पाटीपेन्सिल
मग सोडायचंच कशाला? आपोआप थांबणार असेल तर बघत बसू.

रानजाई
हा प्रश्न बरोबर आहे, आणि त्यावर डॉक्टरांचंही एकमत नाही. अधूनमधून एखादा धागा, वजन उत्तम, बाळ खुशाल असेल तर काही डॉक्टर दोन-चार आठवडे नुसतं बघायला सांगतात. काही लगेच दूध बंद करायला लावतात. मला विचाराल तर रोज रक्त येत असेल तर सोडावं, आठवड्यातून एकदा येत असेल तर थांबून बघावं. पण तुमच्या डॉक्टरांनी बाळ हातात घेतलंय, मी नाही.

वॉर्डसिस्टर
थांबून बघण्याला मर्यादा आहेत, त्या सांगते.

धाग्याऐवजी रक्त वाढत गेलं, चमचाभर आलं, किंवा शीतच रक्त जास्त आणि शी कमी असं झालं, तर थांबायचं नाही. लाल जेलीसारखी शी आणि त्याबरोबर रडण्याचे झटके आले तर तर मुळीच नाही. आतडं आतड्यात शिरतं तेव्हा बाळ अचानक किंचाळतं, पाय पोटाशी घेतं, पांढरं पडतं, मग थोडा वेळ गप्प आणि गळून गेलेलं असतं, आणि पंधरा-वीस मिनिटांनी परत तेच. हे जास्त करून पाच ते नऊ महिन्यांच्या बाळांत दिसतं, पण लहानांतही होतं. जेलीसारखी शी उशिरा येते, तिची वाट बघायची नसते. झटक्यांवरूनच हॉस्पिटल गाठायचं. वेळेत नेलं तर बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही, गुदद्वारातून हवा किंवा द्रव सोडून आतडं सोडवतात.

काळी, डांबरासारखी शी पहिल्या तीन-चार दिवसांत चालते, कारण ती गर्भातली शी असते. पाचव्या दिवशीही काळीच असेल तर दूध पोचत नाहीये, वजन करा. पिवळी होऊन गेल्यावर परत काळी झाली आणि लोहाचे थेंब चालू नसतील, तर ते वरच्या आतड्यातलं रक्त समजायचं आणि त्याच दिवशी दाखवायचं. चिरलेल्या स्तनाग्रातून गिळलेलं रक्तही असंच दिसतं. शीतलं रक्त बाळाचं की आईचं ते ओळखायची साधी चाचणी आहे, तेव्हा चिरा असतील तर डॉक्टरांना आधी सांगा.

वेळेआधी जन्मलेल्या बाळाला मात्र यातलं ‘बघू या’ काहीच लागू नाही. त्याच्या शीत रक्त दिसलं, पोट फुगलं की लगेच.

कडकचहा
आमची झाली, आठव्या दिवशी. पिवळी, मऊ, भरपूर. साबणाशिवाय.

सायली_मु
रिपोर्ट आले. टोटल ८.२, डायरेक्ट ५.१. डॉक्टरांनी शी बघितली आणि लगेच मोठ्या हॉस्पिटलच्या यकृत विभागाकडे पाठवलंय, उद्याच भरती. सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवायचंय. चार तास ती कशी राहील माहीत नाही.

वॉर्डसिस्टर
सायली, शेवटचं पाजण नेमकं किती वाजता संपलं ते लिहून ठेवा, तिथे गेल्यागेल्या विचारतात. उपाशी असताना रडली तर खांद्यावर घेऊन फिरवा, अंगावर लावू नका, नाहीतर पित्ताशय रिकामं होतं आणि तपासणी परत करावी लागते. दूध काढून ठेवा, म्हणजे छाती भरून दुखणार नाही आणि आल्यावर देता येईल. व्हिटॅमिन के परत द्यायचं का तेही विचारा. पित्त आतड्यात नसलं की ते शोषलं जात नाही, आणि अशा बाळांना रक्त गोठायला त्रास होतो. जन्मल्यावर दिलेलं इंजेक्शन इथे पुरेसं धरत नाहीत.

अबोली
आमच्याकडे दूध सोडून पाचवा दिवस. कालपासून रक्त नाही. चिकटा आहे, हिरवी आहेच. सोयाचं दूध घेतलं तर चालेल का?

रानजाई
काही बाळांना सोयाचाही त्रास होतो, पण आधीपासून सोडायची गरज नाही असं माझं मत. रक्त गेलंय, आता पंधरा दिवस नवं काहीच आहारात वाढवू नका, नाहीतर परत आलं तर कशामुळे ते कळणार नाही. त्यानंतर सोया घ्या.

पाटीपेन्सिल
मी सोया सोडायच्याच बाजूने.